विश्लेषण : रुळाच्या सांध्यातील उष्णता किती वेळात किती दूर जाते?

रत्नागिरीजवळचा कोकण रेल्वेचा करबुडे बोगदा सुमारे साडेसहा किलोमीटर लांब आहे. अशा मार्गावर रुळांचा सांधा जागेवरच जोडायचा असेल, तर थर्मिट वेल्डिंग करतात. ॲल्युमिनियम आणि लोखंडाच्या ऑक्साइडची भुकटी पेटवली की वितळलेले पोलाद तयार होते. ते साच्यातून दोन रुळांमधल्या फटीत ओततात. आता प्रश्न उरतो तो सांधा निवण्याचा, कारण तोवर त्यावरून गाडी सोडता येत नाही.

रूळ ‘अनंत लांबीचा’ कसा?

गणितात ‘अनंत’ म्हणजे उष्णता ज्याच्या टोकापर्यंत पोहोचतच नाही असा. पोलादात उष्णता पसरण्याचा वेग ठरवणारा आकडा α सुमारे ०.००००१२ चौ. मीटर प्रतिसेकंद आहे. या हिशेबाने तासाभरानंतरही जवळपास सगळी उष्णता सांध्याच्या दोन्ही बाजूंना एका मीटरच्या आत असते. म्हणजे १३ मीटरचा एक रूळसुद्धा या प्रश्नापुरता अनंत ठरतो.

फूरियेंची युक्ती काय?

फ्रेंच गणिती जोसेफ फूरिये यांचा उष्णतेवरील ग्रंथ १८२२ मध्ये आला. त्यांची कल्पना अशी : रुळावरील तापमानाचा आलेख कसाही असो, तो लहानमोठ्या लांबीच्या लहरींची बेरीज म्हणून मांडता येतो. कोणती लहर किती प्रमाणात आहे, याचा हिशेब म्हणजे फूरिये रूपांतर.

याचा फायदा असा की, प्रत्येक लहर स्वतंत्रपणे विरते. तिचा आकार तोच राहतो, फक्त उंची कमी होते. लहर जितकी आखूड तितकी ती लवकर विरते, कारण तिथे गरम आणि थंड भाग जवळजवळ असतात. पोलादात १० सेंटीमीटरची लहर सुमारे २१ सेकंदांत ३७ टक्क्यांवर येते. ४० सेंटीमीटरच्या लहरीला त्याच्या १६ पट, म्हणजे साडेपाच मिनिटे लागतात. लांबी चौपट झाली की वेळ सोळापट होतो. गणिताच्या भाषेत, k ही लहरींची दाटी धरली तर प्रत्येक लहरीला e^(-αk²t) ने गुणायचे.

मग घंटेचा आकार कुठून येतो?

सांध्यातली उष्णता सुरुवातीला अगदी अरुंद जागेत असते. अशा टोकदार आलेखात सगळ्या लहरी सारख्याच प्रमाणात असतात. काही वेळाने आखूड लहरी विरतात आणि लांब लहरी उरतात. उरलेल्या लहरींचा आलेख घंटेसारखा, म्हणजे गॉसियन असतो. गॉसियनचे उलटे रूपांतर पुन्हा गॉसियनच देते. लहरींची घंटा जितकी अरुंद होते, तितकी रुळावरची तापमानाची घंटा रुंद होते. तिचे सूत्र असे :

u = Q / √(4παt) · e^(-x²/4αt)

इथे u म्हणजे सभोवतालच्या तुलनेत वाढलेले तापमान, x म्हणजे सांध्यापासूनचे अंतर, तर Q म्हणजे या आलेखाखालचे क्षेत्रफळ.

आकड्यांत सांगायचे तर?

समजा, रुळाचा ५ सेंटीमीटरचा पट्टा सभोवतालपेक्षा १००० अंशांनी गरम आहे. मग Q झाला ५०. १५ मिनिटांनी मध्यबिंदू सुमारे १३६ अंशांनी गरम असेल, तर तासाभराने ६८ अंशांनी. वेळ चौपट झाली, तेव्हा कुठे तापमान निम्मे झाले. सुरुवातीला सांधा झपाट्याने निवतो आणि नंतर रेंगाळतो, तो यामुळेच.

सांध्यापासून १० सेंटीमीटरवर रूळ सर्वांत गरम होतो तो सुमारे सात मिनिटांनी, २० सेंटीमीटरवर २८ मिनिटांनी. अंतर दुप्पट झाले की वेळ चौपट लागतो.

हे गणित कुठे चुकते?

पहिल्या मिनिटात. तेव्हा पट्ट्याची स्वतःची रुंदी दुर्लक्षिता येत नाही. सूत्र मध्यभागी सुमारे ५२५ अंश सांगते, पट्ट्याची रुंदी धरली तर ४९० च्या आसपास येतात. १५ मिनिटांनंतर हा फरक जवळपास उरत नाही. शिवाय खूप तापलेल्या पोलादाचा α कायम राहत नाही.

दुसरी मोठी चूक हवेची. रूळ उष्णता हवेलाही देतो. हा ऱ्हास तापमानाच्या प्रमाणात धरला, तर तो सगळ्या लहरींना सारखाच लागू होतो. त्यामुळे घंटेची रुंदी सूत्राप्रमाणेच वाढते, पण उंची अपेक्षेपेक्षा कमी भरते. हीच ओळखण्याची खूण. सांध्यापासून वेगवेगळ्या अंतरांवर तापमान मोजावे. रुंदी जुळते, पण आलेखाखालचे क्षेत्रफळ घटते आहे असे दिसले, तर उष्णता रुळात पसरून संपलेली नाही, बाहेर निघून गेली आहे.