आभाळ बदललं, पाण्याचं काय?

जुलैत पवना धरणाच्या काठावरून तुंग किल्ल्याचा फोटो काढला, की बहुतेक वेळा एकच होतं. हिरवा काठ छान येतो, तुंगचा सुळका उठून दिसतो आणि वर आभाळ मात्र पांढरंफटक. मग ते बदलायचा मोह होतो. मोह जुनाच आहे. १८५०च्या दशकात फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे समुद्र आणि आकाश वेगवेगळ्या निगेटिव्हांवर टिपून एकत्र छापत असे, कारण तेव्हाच्या काचांवर निळं आकाश कोरं पांढरं उमटायचं.

आता फोटोशॉपमध्ये Edit > Sky Replacement दाबलं की काम काही सेकंदांत होतं. चूक होते ती त्याआधी, आभाळ निवडताना. ढगाळ दिवशी उजेड सगळीकडून सारखा येतो, त्यामुळे काठावरच्या झाडांना सावल्याच नसतात. अशा फोटोवर लालभडक सूर्यास्त चढवला, तर काय खटकतंय हे सांगता आलं नाही तरी डोळ्याला खटकतंच. रंग बदलता येतो, नसलेली सावली आणता येत नाही. म्हणून तुंगच्या फोटोला आभाळही पावसाळीच हवं: करड्या ढगांचे थर दिसणारं, क्षितिजाजवळ उजळ होत जाणारं. फोटोत ऊन असेल, तर आधी सावल्या कुठल्या बाजूला पडल्यात ते बघावं. सूर्य उलट बाजूला आला, तर Flip करावं.

मग फोटो शंभर टक्के मोठा करून झाडांचे शेंडे तपासावेत. पानांभोवती जुन्या आभाळाची पांढरी किनार हटकून राहते. Shift Edge थोडं सरकवलं की ती बरीचशी जाते. उरलेल्यासाठी Output To मध्ये New Layers निवडून ठेवावं. म्हणजे नंतर मास्कवर ब्रशने हात फिरवता येतो.

रंग जुळवताना Color Adjustment जपून वाढवावं. आभाळाची छटा लांबच्या डोंगरावर जास्त उतरते, कारण मधे दमट हवा असते. तुंगवर हलका निळसर करडेपणा शोभतो. तोच पायाजवळच्या गवतावर आला, की सगळा फोटो एका रंगात बुडवल्यासारखा वाटतो.

आणि पाणी! ते फोटोशॉपचं हे साधन बदलत नाही. वर गडद ढग आणि खाली पांढरं पाणी, इथेच बहुतेक फोटो पकडले जातात. नव्या आभाळाची प्रत उभी उलटी करून पाण्यावर ठेवावी, लेयर Multiply करावा, पारदर्शकता कमीजास्त करून बघावी आणि लाटा असतील तिथे ती धूसर करावी. प्रतिबिंब आभाळापेक्षा थोडं गडदच असतं.

एवढं करून फोटो भिंतीवर खुशाल लावा. बातमीसाठी किंवा निसर्गछायाचित्रांच्या स्पर्धेला मात्र तो पाठवू नका. तिथे आभाळ बदललेला फोटो सहसा बाद होतो.