व्याजाचा दर्शनी आकडा आणि त्यामागची भाववाढ

कापसाचा चुकारा हाती आला की त्यातला काही भाग मुदत ठेवीत गुंतवावा आणि पेरणीच्या तोंडावर पीककर्जासाठी पुन्हा बँकेचे दार ठोठावावे, हा क्रम बाभुळगावासारख्या कापूसपट्ट्यातल्या तालुक्यात पुष्कळदा एकाच कुटुंबात चालतो. आणि म्हणूनच व्याजदराविषयीचे दोन परस्परविरोधी गैरसमजही कित्येकदा एकाच घरात नांदतात. ठेवीदार म्हणून माणूस समजतो की पावतीवर लिहिलेल्या टक्केवारीइतकी आपली संपत्ती वाढली, आणि ऋणको म्हणून तोच माणूस समजतो की महागाई वाढली म्हणजे आपले कर्ज आपोआप हलके झाले.

पहिल्या समजुतीची परीक्षा एका नजीकच्या वर्षावर करता येईल. फेब्रुवारी २०२२ मध्ये एखाद्या शिक्षकाने स्टेट बँकेत १ लाख रुपये वर्षभराच्या मुदतीने ठेवले असते, तर त्यावेळच्या ५.१ टक्के दराने, सरळ व्याज धरता, त्यास वर्षाअखेर १,०५,१०० रुपये मिळाले असते. हा दर्शनी व्याजदर. तो पावतीवर लिहिलेला असतो आणि त्याविषयी संशयास जागा नसते. त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने येत्या आर्थिक वर्षासाठी किरकोळ भाववाढीचा अंदाज ४.५ टक्के असा जाहीर केला होता. तो अंदाज प्रमाण मानून ठेव ठेवणाऱ्यास ढोबळमानाने ०.६ टक्के वास्तव व्याज मिळेल, म्हणजे वर्षानंतर बाजारातून पूर्वीपेक्षा इतकाच अधिक माल विकत घेता येईल, असे मानण्यास हरकत नव्हती. परंतु महिना सरण्यापूर्वीच युक्रेनचे युद्ध पेटले, खाद्यतेल आणि इंधन कडाडले, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये देशातील किरकोळ किमती वर्षापूर्वीच्या तुलनेत सुमारे ६.४ टक्क्यांनी चढलेल्या आढळल्या. शिक्षकाच्या हाती आलेल्या १,०५,१०० रुपयांची क्रयशक्ती जुन्या भावाने मोजली तर ती ९८,८०० रुपयांच्या घरात भरते. पावतीवरील अक्षर न् अक्षर पाळले गेले, बँकेने एक पैसाही बुडवला नाही, आणि तरीही मुद्दलाला कात्री लागली. प्राप्तिकर तर या दर्शनी व्याजाच्या संपूर्ण रकमेवर आकारला जातो. भाववाढीने खाल्लेला भाग त्यातून वजा होत नाही.

येथे वास्तव व्याजदर दोन आहेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे. एक करार करतेवेळी अपेक्षिलेला आणि दुसरा मुदत संपल्यावर प्रत्यक्ष पदरी पडलेला. दर्शनी दरातून अपेक्षित भाववाढ वजा केली की पहिला मिळतो, आणि घडलेली भाववाढ वजा केली की दुसरा. (काटेकोर हिशेबात वजाबाकीऐवजी भागाकार करावा लागतो, पण भाववाढ एक आकडी असेल तोवर फरक किरकोळ असतो.) अर्व्हिंग फिशर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९६ साली हा संबंध मांडला, तेव्हा त्याने घेतलेल्या दाखल्यांपैकी एक आपल्याच देशाचा होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी ठाऊक नाही. हिंदुस्थान सरकारचे काही रोखे चांदीच्या रुपयांत फेडावयाचे होते आणि काही सोन्याच्या नाण्यात. ऋणको तोच, तरीही रुपयाची किंमत घसरेल अशी धास्ती जेव्हा वाढे, तेव्हा रुपयाच्या रोख्यांवर धनको अधिक व्याज मागत. नाणे किती झिजेल याचा अदमास व्याजदरात अगोदरच भरला जातो, असा त्याचा निष्कर्ष होता.

यावरून आणखी एक प्रचलित समजूत निकालात निघते, ती ही की दर्शनी दर चढा असेल तर काळ ठेवीदाराचा. २०१२-१३ मध्ये मुदत ठेवीवर साडेआठ-नऊ टक्के मिळत आणि लोक समाधानाने ती वर्षे आजही आठवतात. परंतु किरकोळ भाववाढ त्यावेळी दहा टक्क्यांच्या आसपास होती, म्हणजे वास्तव व्याज तेव्हाही शून्याखालीच होते.

आता ऋणकोकडे वळू. ‘महागाईत कर्जदाराचा फायदा’ हे विधान जसेच्या तसे खरे नाही. धनकोने ६ टक्के भाववाढ धरून दर ठरवला आणि भाववाढ ६ टक्केच झाली, तर कोणीही कोणाचे काही घेतले नाही. लाभ-हानी होते ती अपेक्षेपलीकडच्या भाववाढीने, आणि तीही दर मुदतभर स्थिर असेल तरच. वरील उदाहरणात शिक्षकाला सुमारे ६०० रुपये वाढावयाचे ते १,२०० रुपये घटले. हा सुमारे १,८०० रुपयांचा फरक बँकेच्या मध्यस्थीने कोणातरी स्थिर दराच्या ऋणकोकडे गेला, आणि अशा ऋणकोंत सर्वांत मोठे म्हणजे दीर्घ मुदतीचे रोखे काढणारे सरकार. घरकर्ज काढणाऱ्या नोकरदाराला मात्र हा लाभ फारसा झाला नाही, कारण त्याचा दर बहुधा रेपो दराशी बांधलेला असतो, आणि मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या अवधीत रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला.

कापूस पिकवणाऱ्याची गोष्ट याहून निराळी आहे, आणि माझ्या मते या विषयातील सर्वांत उपेक्षित भाग हाच आहे. किरकोळ भाववाढीचा निर्देशांक हा साऱ्या देशाच्या घरखर्चाचा निर्देशांक होय. शेतकरी कर्ज फेडतो तो निर्देशांकाने नव्हे, आपल्या पिकाने. २०२२च्या उन्हाळ्यात विदर्भात कापूस क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर गेला होता. पुढील हंगामात, मार्च २०२३ च्या सुमारास, तो ८,००० च्या आसपास उतरला. त्या खरिपासाठी १ लाख रुपये पीककर्ज घेतले आणि ३१ मार्चच्या आत फेडले, असे धरू. वेळेवर परतफेड करणाऱ्यास राज्यात ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जावर व्याजसवलत मिळून दर शून्यावर येतो, तेव्हा दर्शनी व्याज काहीच नाही. पण कर्ज घेताना जे ओझे १० क्विंटलचे होते, ते फेडताना साडेबारा क्विंटलचे झाले. कापसाच्या मापाने वास्तव व्याज एका हंगामात २५ टक्के! आणि त्याच वर्षी मजुरी, डिझेल, फवारणीची औषधे व किराणा हे सर्व महागले. देशात अनपेक्षित भाववाढ आणि बांधावर अनपेक्षित मंदी अशी दोन्ही एका वेळी असू शकतात, आणि तेव्हा ‘महागाईने कर्जदार तरतो’ हे वाक्य त्या शेतकऱ्यास ऐकवणे क्रूरपणाचे ठरते. सोयाबीन वा तूर चढली, तर हिशेब उलट दिशेने जाईल. म्हणून कर्जाचा करारनामा करतानाच मुद्दल किती क्विंटलचे आहे हे लिहून ठेवणे आणि फेडीच्या दिवशी ताडून पाहणे, हीच वास्तव दर ओळखण्याची शेतकऱ्याला सर्वांत खात्रीची रीत.

वऱ्हाडाने हे अधिक भयंकर प्रमाणात एकदा भोगलेले आहे. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत कापसाचे भाव कोसळले, परंतु सावकाराच्या वहीतील मुद्दल आणि दर जागच्या जागी राहिले. तेजीच्या काळात, चढ्या भावाची अपेक्षा धरून उचललेली कर्जे पडत्या भावात फेडताना वास्तव व्याज इतके फुगले की जमिनी हातून जाऊ लागल्या. अखेर १९३३ साली मध्यप्रांत व वऱ्हाडासाठी कर्ज-तडजोडीचा कायदा करावा लागला, आणि त्यान्वये नेमलेली मंडळे धनको-ऋणकोंस समोरासमोर बसवून देण्याच्या रकमाच कमी करून, हप्ते बांधून देऊ लागली. कारण केवळ व्याजाचा दर उतरवून भागण्यासारखे नव्हते, भाव घसरल्याने मुद्दलच मालाच्या हिशेबात वाढून बसले होते.