दोष काचेचा नाही, मधल्या हवेचा

स्मार्टवॉच घेतलं की दुकानदार हमखास एक पारदर्शक केस पुढे करतो. कडक प्लास्टिकची चौकट, तिच्यातच बसवलेली टेम्पर्ड ग्लास. वरून दाबली की खटकन बसते, चिकटवण्याची भानगड नाही. मग दोन दिवसांत तक्रार सुरू होते: कडेची बटणं दोन-तीनदा दाबावी लागतात. दोष दिला जातो काचेच्या जाडीला.

पण ही काच जेमतेम ०.३ मिलिमीटरच्या आसपास असते. अडचण तिच्याखालच्या हवेची आहे. टचस्क्रीनला बोटाचा दाब कळत नाही. घड्याळाच्या काचेखाली पारदर्शक इलेक्ट्रोडची जाळी असते, बोट जवळ आलं की तिच्याभोवतीचं विद्युतक्षेत्र बदलतं आणि चिप तो बदल मोजते. या कामात काच हवेपेक्षा सुमारे सातपट सरस. म्हणजे दोन काचांत ०.२ मिलिमीटरची फट राहिली, तर ती जवळपास १.४ मिलिमीटर जादा काचेइतकी नडते. बऱ्याच घड्याळांची काच कडेला वळलेली आणि केसची सपाट असते, त्यामुळे फट कडेलाच सर्वांत मोठी. तक्रारही नेमकी तिथलीच! पूर्ण पृष्ठभागाला चिकटणारी साधी फिल्म म्हणूनच टचला कमी त्रास देते, दिसायला सुमार असली तरी.

पावसात किंवा हात धुताना त्या फटीत पाणी शिरलं की वेगळाच खेळ. पाण्याचा थर चिपला बोटासारखा भासतो. पडदा आपोआप सरकतो, नको ते ॲप उघडतं. अशा वेळी वरून पुसून काही होत नाही. केस काढून दोन्ही काचा कोरड्या कराव्या लागतात.

मागच्या बाजूचा घोटाळा लवकर लक्षात येत नाही. नाडी मोजणारा हिरवा प्रकाश त्वचेत शिरून परत यायला हवा, त्यासाठी घड्याळाची पाठ मनगटाला टेकलेली हवी. केसची खालची कड पाठीपेक्षा किंचित पुढे आली, तरी घड्याळ उचललं जातं आणि बाहेरचा उजेड आत घुसतो. मनगटावर सेन्सरऐवजी चौकटीचाच वळ उठत असेल, तर समजावं. खात्री करायची तर पट्टा तितकाच घट्ट ठेवून, स्वस्थ बसून, केससह आणि केसविना आकडे पाहावेत.

ईसीजीचं गणित आणखी सरळ. ॲपल वॉचमध्ये दुसऱ्या हाताचं बोट क्राउनला, गॅलेक्सी वॉचमध्ये वरच्या बटणाला टेकवायचं असतं. केसने ते बटण झाकलं की विद्युतमंडल पुरं होत नाही आणि नोंदच होत नाही.

माझं मत विचाराल तर फक्त कडेने बसणारा, बटणं आणि पाठ मोकळी सोडणारा बंपर घ्यावा. त्याची कड काचेपेक्षा जराशी उंच असली की घड्याळ फरशीवर पालथं पडलं तरी काच बहुधा वाचते. टोकदार दगडापुढे मात्र इलाज नाही. काही घड्याळांच्या सेटिंगमध्ये टचची संवेदनशीलता वाढवता येते. जाड फिल्मवर ती उपयोगी पडते, पण फटीत पाणी असेल तर भुताटकी उलट वाढते.