वर्क-स्टडीचे पैसे हातात कधी पडतात?

अमेरिकेतल्या कॉलेजच्या पत्रात ‘वर्क-स्टडी २,००० डॉलर’ असं दिसलं की घरचे ती रक्कम फीमधून वजा करून मोकळे होतात. पण ही फक्त कमाईची कमाल मर्यादा. काम स्वतः शोधायचं, तास भरायचे, मगच पगार. ग्रंथालयात तासाला १० डॉलर मिळाले, तर वर्षाला २०० तास. तीस आठवड्यांत वाटले तर आठवड्याला जेमतेम सात. टाइमशीट भरून साहेबांची मंजुरी घ्यायची आणि तासिकेच्या वेळात काम दाखवायचं नाही. पगार महिन्यातून निदान एकदा, बहुधा थेट बँक खात्यात.

एफ-१ व्हिसावर गेलेल्या आपल्या मुलांना मात्र ही सरकारी योजना लागू नाही. ती अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांसारख्यांसाठी, तीही आर्थिक गरज पाहून. आपल्या मुलांना कॅम्पसवरच्या इतर नोकऱ्या खुल्या असतात. सत्र चालू असताना आठवड्याला कमाल २० तास. कँटीनमध्ये १२ आणि प्रयोगशाळेत १० केले, की झाले २२, म्हणजे व्हिसाच धोक्यात. सुट्टीत पूर्णवेळ चालतं. नोकरीचं पत्र हाती आल्यावरच सोशल सिक्युरिटी क्रमांकासाठी अर्ज करता येतो.