झोक्याच्या लयीतली अंगाई

बारशाला म्हणतात तो पाळणा आणि रात्री बाळाला निजवताना गुणगुणतात ती अंगाई, या दोन्हींत 'जो जो' असतं, पण दोन्हींचं काम वेगळं. बाराव्या दिवशी जमलेल्या बायका पाळण्यातून राम, कृष्ण किंवा शिवरायांच्या जन्माची कथा गातात. कडव्यामागून कडवी येतात, आवाज चढता असतो, कारण ऐकणारं घर भरलेलं असतं. अंगाईला एकच श्रोता, आणि त्याला कथा कळत नाही. त्याच्यासाठी लय आणि आवाज एवढंच गाणं असतं.

ही लय जुन्या घरांत झोळीनं ठरवली. तुळईला किंवा आढ्याला बांधलेली साडीची झोळी लंबकासारखीच हलते. झोका हलका असेल तर एका फेरीला लागणारा वेळ फक्त टांगणीच्या लांबीवर अवलंबून असतो. बाळ तीन किलोचं असो की सहा, त्यानं फरक पडत नाही. आधारापासून बाळापर्यंत दोन मीटर अंतर असेल, तर झोळी जाऊन परत यायला सुमारे २.८ सेकंद लागतात. एक मीटर असेल तर सुमारे दोन. दोरी ओढणारी बाई गाऊ लागली की शब्द आपोआप या फेरीवर बसतात.

हे नीट कळावं म्हणून चार साध्या ओळी रचून पाहू:

जो जो जो, नीज माऊ,
माळावरती मेघ मऊ,
मेघ मऊ, रान मऊ,
जो जो जो, नीज माऊ.

दुसरी ओळ घ्या. झोका जाताना 'माळा', येताना 'वरती'. पुन्हा जाताना 'मेघ', येताना 'मऊ'. एका ओळीला दोन फेऱ्या, म्हणजे लांब झोळीवर साधारण साडेपाच सेकंद. एवढी ओळ एका श्वासात आरामात होते आणि पुढचा श्वास झोका वळताना घेता येतो. पहिल्या ओळीत जाताना एकच 'जो' लांबवायचा आणि येताना उरलेले दोन म्हणायचे.

आता अक्षरं पाहा. म, न, र, ळ ही जिभेला आणि ओठांना न आपटता निघणारी. ओळी संपतात त्या 'ऊ'वर, आणि 'जो' संपतो 'ओ'वर. दोन्ही स्वरांत ओठ गोल होतात, आवाज लांबवता येतो आणि हळूहळू विरवताही येतो. 'खट', 'झटपट' असे शब्द आले की आवाज तुटतो. तान्हं बाळ अशा तुटण्याला दचकतं. पोटात असताना आईचा आवाज त्याच्यापर्यंत गाळून पोचलेला असतो. तीक्ष्ण, वरचे सूर अडतात, खालचे सूर आणि आवाजातले चढउतार पोचतात. म्हणून खालच्या पट्टीतली, तीनचार सुरांतच फिरणारी चाल त्याला ओळखीची वाटते. तेच कडवं दहादा म्हणायला मुळीच हरकत नाही. पुढे काय येणार हे ठाऊक असणं हेच त्याला हवं असतं, नवं कडवं ही आपली गरज.

बाळ रडायला लागलं की आपण आवाज चढवतो, झोका वाढवतो आणि लय पळू लागते. तिथेच अंगाई बिघडते. रडणाऱ्या बाळापाशी सुरुवात थोडी मोठ्यानं करावी, तो ऐकायला थांबला की प्रत्येक कडव्याला आवाज एक पायरी खाली आणावा. झोका मात्र त्याच्याच चालीनं जाऊ द्यावा.

दुसरी चूक घाईची. डोळे मिटले की आपण थांबतो. तान्ह्यांची झोप बहुतेकदा हलक्या झोपेनं सुरू होते: पापण्यांखाली बुबुळं फिरतात, ओठ हलतात, हातपाय मधूनच उडतात. त्या वेळी गाणं एकदम तुटलं किंवा उचलून ठेवलं तर बाळ जागं होतं. जपानमध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कडेवर झोपलेल्या बाळाला खाली ठेवण्याआधी आणखी पाच ते आठ मिनिटं धरून बसावं, असं सुचवलं आहे. अंगाईचा शेवटचा भाग याच मिनिटांसाठी असतो. शब्द गळून पडतात, उरतो नुसता 'जो… जो…', मग 'हं… हं…', मग काही नाही. बाळाचा हात हलकेच उचलून सोडा. तो सैल पडला, तर झोप खोल लागली.

मोबाइलवरची अंगाई हे करू शकत नाही. गायक कितीही मोठा असला, तरी बाळाचा श्वास संथ झाल्याचं त्याला दिसत नाही आणि तो आवाज उतरवू शकत नाही. तरी लावायचीच असेल तर मोबाइल बाळाच्या कानाशी ठेवू नका, आवाज अगदी बारीक ठेवा.

आणि झोळीबद्दल एक: झोळी निजवण्यापुरती, तीही कुणी जवळ असतानाच. झोप लागली की बाळाला सपाट, घट्ट गादीवर पाठीवर निजवा. तोंडाजवळ उशी, दुलई काही ठेवू नका.