धावण्याआधीची जीपीएसची वाट

पहाटे दादरच्या एखाद्या अरुंद गल्लीत उभं राहून घड्याळात धावण्याची नोंद सुरू करायला जावं, तर जीपीएसचा शोध मिनिटं उलटली तरी संपत नाही. तेच घड्याळ शिवाजी पार्कच्या मोकळ्या मैदानात बरंच लवकर तयार होतं.

आपली जागा ठरवायला घड्याळाला किमान चार उपग्रह लागतात. प्रत्येकाचा संकेत पोहोचायला किती वेळ लागला, यावरून अंतर निघतं. पण त्या क्षणी उपग्रह नेमका कुठे होता, हे कळल्याशिवाय त्या अंतराचा उपयोग नाही. हा कक्षेचा तपशील उपग्रह स्वतःच पाठवतो, मात्र फार सावकाश : सेकंदाला फक्त 50 बिट. घड्याळाला हवा असलेला भाग 18 सेकंदांचा असतो आणि दर 30 सेकंदांनी तो पुन्हा येतो.

खरी अडचण इथे आहे. उपग्रह सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवर, त्यामुळे संकेत अतिशय क्षीण. ऐकता ऐकता मध्ये इमारत, दाट झाड किंवा आपलंच शरीर आलं, की तो तुकडा हुकतो आणि पुढच्या फेरीपर्यंत थांबावं लागतं. गल्लीत दिसते आकाशाची एक पट्टी. तिथे एका उपग्रहाचा तपशील पुरा होईतो दुसऱ्याचा तुटतो. म्हणून वाट पाहताना येरझाऱ्या घालण्यापेक्षा उघड्यावर स्थिर उभं राहावं.

यावरची तोड म्हणजे तो तपशील उपग्रहाकडून ऐकायचाच नाही. मोबाइल तो इंटरनेटवरून क्षणात मिळवतो. धावण्याची घड्याळं बहुधा पुढच्या काही दिवसांच्या कक्षांचा अंदाज असलेली छोटी फाइल मोबाइलमधल्या अॅपकडून ब्लूटूथवर घेतात. मग घड्याळाला फक्त संकेताची वेळ मोजायची उरते, आणि अख्खा संदेश वाचता येणार नाही इतक्या क्षीण संकेतावरही ते जमतं. घड्याळ बरेच दिवस अॅपला जोडलं नाही, तर फाइलची मुदत संपते आणि पुन्हा सावकाश ऐकणं नशिबी येतं. एरवी चटकन तयार होणारं घड्याळ उघड्या मैदानातही रेंगाळू लागलं, तर पहिला संशय या फाइलवर घ्यावा. आदल्या रात्री घड्याळ अॅपशी जोडून ठेवावं.

इमारतींवर आपटून येणाऱ्या संकेतांवर मात्र या फाइलचा इलाज नाही. तो लांबचा मार्ग घेऊन येतो, अंतर जास्त मोजलं जातं, आणि नकाशावर आपण कुणाच्या तरी घरातून धावताना दिसतो. गल्लीत जागा सापडली तरी ती पक्की असेलच असं नाही. त्यामुळे मैदानापर्यंत चालत जाऊन तिथूनच नोंद सुरू करणं मला जास्त योग्य वाटतं.