दोन आठवड्यांची आशा

ऑक्टोबर १९४०. वर्ध्याजवळच्या पवनारला १७ तारखेला विनोबा भावे यांनी युद्धविरोधी भाषण केले आणि वैयक्तिक सत्याग्रह सुरू झाला. इंग्रज सरकारने हिंदुस्थानला न विचारता युद्धात ओढले होते. त्याविरुद्ध जाहीरपणे बोलण्याचा हक्क एकेका निवडक माणसाने बजावायचा, अशी गांधीजींची योजना होती आणि पहिला मान विनोबांचा होता. आसपासच्या गावांत बोलत बोलत ते पुढे गेले. २१ तारखेला त्यांना अटक झाली आणि तीन महिन्यांची शिक्षा ठोठावण्यात आली.

या चार दिवसांतच पुण्यात 'हरिजन' साप्ताहिकाच्या हाती सरकारी सूचना पडली होती. तिच्यावर १८ ऑक्टोबर ही तारीख होती. विनोबांच्या सत्याग्रहाची हकीकत, त्यांची भाषणे आणि त्यानंतरच्या घडामोडी यांपैकी काहीही दिल्लीच्या मुख्य प्रेस सल्लागाराला आधी दाखवल्याशिवाय छापू नये, असे तिच्यात म्हटले होते. तसे केले नाही तर भारत संरक्षण कायद्याखाली कारवाई होऊ शकेल, हेही सुचवलेले होते.

यावर गांधीजींनी काय केले, ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी साप्ताहिक थांबवले. एकटे इंग्रजी 'हरिजन' नव्हे, तर गुजराती 'हरिजनबंधु' आणि हिंदी 'हरिजनसेवक'सुद्धा. २४ ऑक्टोबरच्या निवेदनात त्यांनी कारण दिले: सत्याग्रहाविषयी लिहिलेली प्रत्येक ओळ दिल्लीला तपासायला पाठवायची असेल, तर मोकळेपणाने लिहिता येणार नाही. ही खंडित अवस्था कदाचित दोन आठवड्यांचीच असेल, अशी आशाही त्यांनी त्या वेळी व्यक्त केली होती.

पण दोन आठवडे उलटले आणि काहीच बदलले नाही. मग नोव्हेंबरमध्ये त्यांनी थेट वाचकांना उद्देशून एक टिपण लिहिले. दीर्घ विश्रांतीची घोषणा करणारा लेखक वाचकाला नेमके काय सांगणे लागतो, हे या छोट्या टिपणात फार स्पष्ट दिसते.

सुरुवातीलाच त्यांनी आपली चूक मान्य केली. दोन आठवड्यांची आपली आशा निराधार होती, हे त्यांनी सरळ सांगितले. थांबणारा माणूस वाचकाला धीर देण्यासाठी सहज एखादी तारीख सांगून टाकतो. ती टळली की दुसरी देतो. गांधीजींनी दुसरी तारीख दिलीच नाही. दर आठवड्याच्या गप्पांना आपण मुकणार आणि वाचकही मुकतील, एवढे त्यांनी लिहिले. तो वियोग त्यांना मनापासून जाणवत होता, म्हणूनच तो सांगण्यासाठी त्यांना अधिक शब्द लागले नाहीत.

पुढचा प्रश्न वाचकांच्या मनात येणारच होता: सत्याग्रहाचा विषय वगळून पत्र का चालवू नये? सरकारची अट फक्त त्या विषयापुरती होती. खादी, ग्रामोद्योग, अस्पृश्यतानिवारण यांवर लिहायला कुणाची हरकत नव्हती, आणि याच कामासाठी तर 'हरिजन' निघाले होते. ११ फेब्रुवारी १९३३ रोजी पहिला अंक पुण्यात निघाला, तेव्हा गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. मग आता त्याच विषयांपुरते लिहिले असते तर काय बिघडले असते? त्यांचे उत्तर असे: या पत्रातले लेखन म्हणजे माझ्या अंतरातल्या विचारांची प्रामाणिक नोंद आहे. सत्याग्रहाची कल्पना ज्याने मांडली, त्यानेच ती बाजूला ठेवून बाकीचे विषय हाताळले, तर ते डोके नसलेल्या धडाशी व्यवहार केल्यासारखे होईल. अर्धे छापलेले पत्र वाचक पूर्ण समजून वाचेल आणि त्याची दिशाभूल होईल, ही भीती यामागे होती असे वाटते. को-या पानापेक्षा काटछाट केलेले पान जास्त फसवते, कारण काय कापले ते वाचकाला कळत नाही.

आणखी एक वाट होती: हुकूम मोडून छापायचे. ही वाट गांधीजींना नवी नव्हती. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात छापखाना गेल्यावर 'यंग इंडिया' सायक्लोस्टाइलवर निघत राहिले होते. पण १९४० साली स्वतः सविनय कायदेभंग करायचा नाही, असे त्यांनी ठरवले होते. लढा मोजक्या, निवडलेल्या माणसांनी लढायचा होता आणि सेनापतीने बाहेर राहायचे होते. तेव्हा हुकूम पाळून लिहिणे मनाला पटत नव्हते आणि मोडून लिहिणे योजनेत बसत नव्हते. पत्र बंद ठेवणे एवढेच उरले.

मग वाचकांनी मधल्या काळात काय करायचे? टिपणाचा सर्वांत जिवंत भाग इथे आहे. प्रत्येकाने स्वतःच चालतेबोलते वर्तमानपत्र व्हावे, असे गांधीजींनी सुचवले. जे खात्रीने ऐकले, ते शेजा-याला सांगायचे. शेजारी त्याच्या शेजा-याला सांगेल. याला कागद लागत नाही, छापखाना लागत नाही, परवाना लागत नाही, आणि कोणत्याही सरकारला ते जप्त करता येत नाही.

पण तोंडी बातमीचा धोका त्यांना ठाऊक होता. युद्धाच्या दिवसांत अफवांना ऊत येतो. एकाने सांगितलेली अटक चौथ्या माणसापर्यंत गोळीबार होऊन पोचू शकते. म्हणून त्यांनी अट घातली: बातमी कुठून आली याची खात्री करा, नुसत्या वावड्या पसरवू नका. अखंड पुरवठा करणारा माणूस दूर होत असताना त्याने वाचकाला नुसती वाट पाहायला सांगितली नाही. त्याने वाचकाच्या हाती काम दिले आणि त्या कामाची कसोटीही दिली.

ही विश्रांती जवळजवळ पंधरा महिने चालली. डिसेंबर १९४१ मध्ये सरकारने सत्याग्रही सोडले आणि १८ जानेवारी १९४२ पासून 'हरिजन' पुन्हा निघू लागले. त्या वर्षी मराठीसह अनेक भारतीय भाषांत त्याच्या आवृत्त्या निघत होत्या.

पण पुढचा खंड जवळ आला होता, आणि या वेळी गांधीजी घोषणेसाठी थांबले नाहीत. जुलै १९४२ मध्येच, पत्रावर बंदी आली तर काय, यावर त्यांनी लिहून ठेवले. पत्र दाबता येईल, पण मी जिवंत आहे तोवर त्यातला संदेश दाबता येणार नाही, असा त्याचा आशय होता. महिनाभरात, ९ ऑगस्टच्या पहाटे, मुंबईत त्यांना अटक झाली. 'हरिजन' बंद पडले.

या वेळचे मौन साडेतीन वर्षांचे ठरले. १० फेब्रुवारी १९४६ रोजी पत्र परत आले, तेव्हा १९४० साली ज्यांनी संपादनाची धुरा वाहिली होती ते महादेवभाई देसाई हयात नव्हते. अटकेनंतर सहाच दिवसांनी, १५ ऑगस्ट १९४२ रोजी, पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये त्यांचा अंत झाला होता. नव्या 'हरिजन'चे संपादन आता प्यारेलाल पाहत होते.